रडकी गाणी ऐकायची पण कोणाला कळू द्यायची नाहीत? प्रायव्हेट सेशन नीट कसं वापरायचं

मला नव्वदच्या दशकातली बेवफाईवाली हिंदी गाणी जाम आवडतात, ती ढोलकीच्या ठेक्यावर रडणारी, ज्यात प्रत्येक कडव्यात कोणीतरी कोणाला तरी सोडून जातं. आणि लग्नाच्या वरातीतले डीजे मिक्स पण आवडतात. खरंच आवडतात. पण माझं बाकीचं ऐकणं वेगळं आहे, सकाळी शास्त्रीय, ऑफिसमध्ये वाद्यसंगीत, आणि स्पॉटिफायने दर सोमवारी दिलेल्या यादीतून मला खूप चांगले नवीन गायक सापडलेत, तर त्या यादीत बेवफाई घुसलेली मला नको असते. आणि दुसरं म्हणजे माझ्या लिस्टमधल्या प्रत्येकाला रात्री अकरा वाजता मी काय ऐकतेय हे कळायची काही गरज नाही.

यासाठी स्पॉटिफायमध्ये प्रायव्हेट सेशन म्हणून सोय आहे. चालू करायला दहा सेकंद लागतात, पण नवीन माणूस तिथेच फसतो, कारण त्याला वाटतं एकदा चालू केलं की झालं. तसं नसतं. ते आपलं आपण बंद होतं, न सांगता. म्हणून चालू कसं करायचं हे तर सांगतेच, पण ते कधी संपतं आणि संपलं हे कसं ओळखायचं यावर जास्त लिहिणार आहे.

आधी हे समजून घ्या की गाणं दोन ठिकाणी जातं

तुम्ही एखादं गाणं लावलं की त्याची खबर दोन वेगळ्या जागी पोचते. एक म्हणजे मित्रांकडे. कॉम्प्युटरवरच्या स्पॉटिफायमध्ये उजव्या बाजूला Friend Activity नावाची पट्टी असते, त्यात तुम्हाला फॉलो करणाऱ्यांना दिसतं की तुम्ही आत्ता कोणतं गाणं, कोणाचं, आणि कोणत्या प्लेलिस्टमधून ऐकताय. दुसरी जागा म्हणजे तुमच्या आवडीचा हिशोब, ज्याला स्पॉटिफाय टेस्ट प्रोफाइल म्हणतं. त्यावरून सोमवारी Discover Weekly मध्ये ३० गाणी येतात, शुक्रवारी Release Radar येतो, ते Daily Mix बनतात, सगळं तिथूनच.

Discover Weekly चं डोकं साधारण असं चालतं की तुम्ही ऐकता ती गाणी दुसऱ्या लोकांच्या प्लेलिस्टमध्ये कोणत्या गाण्यांच्या शेजारी बसलेली आहेत ते बघायचं, आणि त्या शेजाऱ्यांपैकी तुम्ही न ऐकलेली तुम्हाला द्यायची. म्हणून रडकं गाणं एकटं येत नाही, स्वतःचा अख्खा मोहल्ला घेऊन येतं. तुम्ही एका गायकाची वीस गाणी सलग ऐकली की त्याच काळातले, त्याच ठेक्याचे आणखी पाच गायक दारात उभे.

आता सेटिंगमध्ये Listening activity नावाचं एक बटण आहे आणि खूप जण तेच बंद करून निवांत होतात. ते फक्त मित्रांपासून लपवतं. आवडीच्या हिशोबावर त्याचा काही परिणाम नाही, तिकडे गाणं जातच राहतं. प्रायव्हेट सेशन दोन्हीकडे काम करतं, म्हणून आपल्याला तेच पाहिजे.

चालू कसं करायचं

फोनवर स्पॉटिफाय उघडा, डावीकडे वर तुमचा गोल फोटो असतो त्यावर टॅप करा, मग Settings and privacy, त्यात Privacy and social, आणि तिथे Private session चं बटण आहे ते चालू करा. जुन्या व्हर्जनमध्ये हेच बटण Social नावाखाली होतं, तर तुमच्या घरी कोणाचा जुना फोन असेल आणि सापडत नसेल तर तिथे बघा.

कॉम्प्युटरवर तर अजून सोपं, उजवीकडे वर फोटोवर क्लिक केलं की जी यादी खुलते त्यातच Private session लिहिलेलं असतं. चालू झालं की वर कुलपाचं चिन्ह दिसतं. ते कुलूप मला फार आवडतं, कारण नुसतं बघून कळतं की आपण झाकलेले आहोत. फोनवर मात्र आत जाऊन बटण बघितल्याशिवाय खात्री करू नका.

ज्या डिव्हाइसवर गाणं वाजणार त्याच डिव्हाइसवर चालू करा. फोनवर चालू केलं म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पण चालू असेल असं गृहीत धरू नका, तिथे वेगळं बघा.

आणि एक गोष्ट क्रमाची, जी मला कोणी सांगितली नव्हती. Friend Activity मध्ये तुमचं शेवटचं उघडं गाणं लगेच पुसलं जात नाही, ते तिथेच बसून राहतं आणि बाजूला किती वेळ झाला ते दिसतं. म्हणजे तुम्ही दोन रडकी गाणी ऐकून झाल्यावर आठवण आली, अरे सेशन तर चालूच केलं नाही, आणि मग चालू केलं, तर पुढची सगळी लपतील पण ते दुसरं रडकं गाणं तासन्‌तास तुमच्या नावासमोर लटकलेलं राहील. म्हणून मी काय करते, आधी एक नेहमीचं गाणं लावते, ते पूर्ण ऐकते, मग सेशन चालू करते, मग आपल्या गाण्यांकडे वळते. मित्रांना ते नेहमीचंच गाणं दिसत राहतं. चुकून उशीर झाला असेल तर उलटं पण करता येतं, सेशन बंद करून एक नेहमीचं गाणं ऐकायचं की पट्टीवर ते येतं, आणि परत सेशन चालू.

आपोआप कधी बंद होतं

सहा तास काही वाजवलं नाही की सेशन संपतं. अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडलं तरी संपलं असंच धरायचं आणि बटण तपासायचं. फोन स्विच ऑफ होऊन चालू झाला, अ‍ॅप अपडेट झालं, मेमरी कमी पडली म्हणून फोननेच अ‍ॅप मारून टाकलं, हे सगळं त्यातच आलं. स्वस्तातल्या फोनवर बॅटरी वाचवायच्या नादात अ‍ॅप मारायचे प्रकार जास्त होतात हे लक्षात ठेवा.

हे सहा तासांचं प्रकरण मला कसं नडलं ते सविस्तर सांगते, कारण त्यातूनच बाकीचं समजेल.

मार्च २०२५ मध्ये शनिवारी संध्याकाळी मी नागपूरहून पुण्याला ट्रॅव्हल्सने निघाली. रवीनगर चौकातून गाडी पकडली, खिडकीची सीट, हेडफोन, अमरावती रोडला लागलो आणि मी व्यवस्थित सेशन चालू केलं, बटण हिरवं झालेलं डोळ्यांनी बघितलं. मग साडेअकरापर्यंत मनसोक्त गाणी ऐकली. मग झोप लागली. सकाळी नगरच्या अलीकडे कुठेतरी जाग आली, हेडफोन कानातच होते, नुसतं प्ले दाबलं आणि कालची प्लेलिस्ट जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू. माझ्या डोक्यात सेशन चालूच होतं ना. रात्री चालू केलेलं होतं, मी बंद केलं नव्हतं.

पुण्यात मावसबहिणीकडे उतरणार होती. तिने सकाळी लॅपटॉप उघडलेला, तिला उजव्या पट्टीत माझं नाव आणि प्लेलिस्टचं नाव दिसलं, आणि तिचा फोन आला, "ताई, ठीक आहेस ना गं? काही झालं का घरी?" तिला खरंच काळजी वाटली होती. मी म्हटलं, "काही नाही झालं गं, मला आवडतात ती गाणी." आणि मग लक्षात आलं की तिला दिसलंच कसं.

पुढच्या सोमवारच्या यादीत मला हवे असलेले गायक होते, पण त्यांच्यामध्ये त्याच ठेक्याची, त्याच काळातली गाणी पण येऊन बसली होती. आणि त्याच्या पुढच्या सोमवारी पण.

सेशन कधी सुटलं हे नेमकं कसं शोधायचं

ही सोय फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून नीट सांगते. स्पॉटिफाय तुमचा पूर्ण ऐकण्याचा इतिहास तुम्हाला मागितला तर देतं. ब्राउझरमध्ये अकाउंटच्या पानावर लॉगिन करा, तिथे Account privacy मध्ये खाली डेटा मागायची जागा आहे, त्यात Extended streaming history वर टिक करा आणि मागणी पाठवा. ईमेलवर एक लिंक येते, ती दाबून कन्फर्म करायला विसरू नका, नाहीतर मागणी पुढेच जात नाही. मग थांबावं लागतं, ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. नंतर झिप फाइल मिळते.

तिच्यात जे टेक्स्ट आहे ते साध्या नोटपॅडमध्ये पण उघडतं. प्रत्येक गाण्याच्या बऱ्याच ओळी असतात, त्यातल्या आपल्याला तीनच पाहिजेत. माझ्या त्या रात्रीचं शेवटचं गाणं असं होतं:

```
"ts": "2025-03-08T18:03:10Z",
"ms_played": 301000,
"incognito_mode": true
```

आणि सकाळचं पहिलं गाणं असं:

```
"ts": "2025-03-09T01:12:40Z",
"ms_played": 284000,
"incognito_mode": false
```

`incognito_mode` म्हणजेच प्रायव्हेट सेशन. `true` असेल तर झाकलेलं, `false` असेल तर उघडं. `ts` ही गाणं थांबलं ती वेळ आहे, पण ती आपल्या घड्याळाची नाही, त्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे १८:०३ ला साडेपाच तास जोडले की रात्रीचे ११:३३ होतात, आणि ०१:१२ चे सकाळचे ६:४२. `ms_played` म्हणजे किती वाजलं ते मिलिसेकंदांत, २८४००० म्हणजे पावणेपाच मिनिटांना जरासं कमी. तर सकाळचं गाणं ६:३८ च्या आसपास सुरू झालं होतं. ११:३३ ते ६:३८, सात तास आणि वर पाच मिनिटं. सहा तासांची मर्यादा झोपेतच ओलांडली गेली. त्यानंतर उतरेपर्यंत १७ गाणी उघडी वाजली.

आणि यातून अजून एक गोष्ट कळते जी नवीन माणसाला माहीत असायलाच पाहिजे. प्रायव्हेट सेशनमधलं ऐकणं पण स्पॉटिफायकडे लिहिलेलं राहतंच, नाहीतर `true` लिहून आलंच नसतं. हे मित्रांपासून आणि सजेशनपासून झाकणं आहे, कंपनीपासून नाही. आणि स्पॉटिफायचं स्वतःचं म्हणणं पण असं आहे की सेशनमधलं ऐकणं सजेशनवर परिणाम करणार नाही असं होऊ शकतं, म्हणजे ते शंभर टक्के हमी देत नाहीत. माझा अनुभव चांगला आहे पण म्हणूनच मी फक्त सेशनच्या भरवशावर राहत नाही.

दुसरं कुलूप, प्लेलिस्टला

पुण्याच्या त्या प्रकारानंतर मी सगळी तशी गाणी एका प्लेलिस्टमध्ये गोळा केली आणि तिला दोन गोष्टी केल्या. प्लेलिस्ट उघडून तीन टिंबांवर टॅप केलं की Exclude from your taste profile असं मिळतं. ते केलं की त्या प्लेलिस्टमधून वाजवलेल्या गाण्यांचा सजेशनवरचा भार कमी होतो, आणि आधी ऐकलेल्याचा पण कमी होतो. ही महत्त्वाची गोष्ट आहे, कारण सेशन फक्त पुढचं झाकतं, मागे जाऊन काही पुसत नाही. म्हणजे तुमच्याकडून पण असं सुटलेलं असेल तर ती १७ गाणी ज्या प्लेलिस्टमधून वाजली तिला हे करा. माझी सोमवारची यादी हळूहळू पूर्वपदावर आली, एका आठवड्यात नाही.

दुसरं त्याच तीन टिंबांमध्ये Make private. हे नाही केलं तर तुम्ही कितीही सेशन चालू ठेवा, कोणी तुमचं प्रोफाइल उघडलं की प्लेलिस्टचं नाव तिथे दिसू शकतं, आणि माझ्या प्लेलिस्टचं नाव बघून कोणालाही आतलं कळलं असतं.

मग कोणी विचारेल की प्लेलिस्टच वगळली तर सेशन कशाला? माझ्या मैत्रिणीने पण धरमपेठेत चहा पिता पिता हेच विचारलं. दोन कारणं आहेत. प्लेलिस्ट वगळली तरी Friend Activity मध्ये गाणं दिसतंच, ते वगळणं फक्त सजेशनपुरतं आहे. आणि दुसरं, प्लेलिस्ट संपली की ऑटोप्ले तसलीच दुसरी गाणी आपोआप लावतं, ती तुमच्या प्लेलिस्टमधली नसतात, म्हणजे वगळण्याचा नियम त्यांना लागत नाही. तुम्ही पातेल्यात तर्री ढवळताय आणि फोनवर अर्धा तास ऑटोप्ले चालू आहे, ते सगळं हिशोबात जातं. सेशन चालू असेल तर ते पण झाकलं जातं. शिवाय Settings मधल्या Playback मध्ये जाऊन Autoplay बंद करून टाकलं तर प्लेलिस्ट संपल्यावर शांतता, मी तसंच ठेवलंय.

सेशनमध्ये असताना एक करू नका, आवडलं म्हणून गाणं सेव्ह करू नका किंवा दुसऱ्या उघड्या प्लेलिस्टमध्ये टाकू नका. सेव्ह केलेलं गाणं तुमच्या लायब्ररीत कायमचं जाऊन बसतं, आणि उद्या ऑफिसमध्ये Liked Songs शफलवर लावलं की भर स्पीकरवर तेच येतं. टाकायचंच असेल तर त्या वगळलेल्या, प्रायव्हेट प्लेलिस्टमध्येच टाका.

माझी आताची पद्धत

परतीच्या प्रवासात मी असं केलं आणि आता नेहमी असंच करते. गाडीत बसल्यावर नेहमीचं एक गाणं पूर्ण. मग सेशन. मग प्रायव्हेट प्लेलिस्ट. झोपेतून उठल्यावर प्ले दाबायच्या आधी फोटो, Settings and privacy, Privacy and social, बटण बघायचं. हेडफोनचं बटण दाबून किंवा लॉक स्क्रीनवरून गाणं सुरू करायची सवय असेल तर सकाळी तेवढी एक सवय मोडा, कारण लॉक स्क्रीनवर सेशन संपलं हे कुठेच लिहिलेलं येत नाही आणि गाणं मात्र गुपचूप सुरू होतं.

दिवसभरात पण तसंच. मी सकाळी खापरीकडून मेट्रोने सीताबर्डीला येते, तेवढ्या वेळात सेशनमध्ये दोनतीन वरातीची गाणी होतात. मग नऊ ते सहा ऑफिस, फोनवर काही वाजत नाही, आणि संध्याकाळी परत मेट्रो. सहा तास उलटून गेलेले असतात. म्हणजे सकाळचं सेशन संध्याकाळी कधीच शिल्लक नसतं, रोज दोनदा चालू करावं लागतं. हे एकदा अंगवळणी पडलं की त्रास वाटत नाही.

ज्यांच्याकडे यूट्यूब म्युझिक आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. तिथे वरच्या फोटोवर टॅप करून Settings मध्ये Privacy & data मधून Pause watch history चालू करायचं. तिथली अडचण बरोबर उलटी आहे, ते आपलं आपण बंद होत नाही, तुम्ही स्वतः परत सुरू करेपर्यंत थांबलेलंच राहतं, आणि यूट्यूबचा इतिहास पण त्याच्याशी जोडलेला असल्यामुळे तिकडचे व्हिडिओ पण नोंदवले जात नाहीत. मग महिन्याभराने लोक म्हणतात की सजेशन शिळे येताहेत.

आणि शिळ्यावरून आठवलं, स्पॉटिफायमध्ये पण सेशन वेळेवर बंद करा. सहा तास न वाजवता गेले तरच ते संपतं, तुम्ही दर दोन तासांनी काही ना काही लावत राहिलात तर ते चालूच राहतं. माझं एकदा रविवारभर असंच झालं, सकाळी वरातीची गाणी ऐकून घर झाडलं, मग दुपारी एका नव्या गायिकेचा अख्खा अल्बम ऐकला, फार आवडला, संध्याकाळी परत ऐकला, आणि तिच्यासारखं काहीतरी सोमवारी मिळेल म्हणून वाट बघत होती. काहीच आलं नाही. कॉम्प्युटरवर बघितलं तर वर कुलूप तसंच होतं. ते काढलं, अल्बम परत लावला, आणि पुढच्या दोन सोमवारांत तिच्या आसपासचे दोघं सापडले.